काळजीची वेळ, पाच ते साडेपाच: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माझं परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बी, खत, औषधं. आमच्या धंद्यात माल मृगात जातो आणि पैसे सोयाबीन निघाल्यावर येतात, म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत उधारीच्या वहीवर जगायचं. काळजी करायला कारण शोधावं लागत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात ती हाताबाहेर गेली. गिऱ्हाइकाला युरियाचं पोतं काढून देताना डोक्यात दुसरंच, जेवताना तिसरंच, आणि रात्री पाठ टेकली की सगळंच. छातीत धडधड व्हायला लागली म्हणून ईसीजी काढला, तो चांगला निघाला. डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी गोळी दिली नाही, चिठ्ठीही नाही. म्हणाल्या, काळजी बंद करू नका, तिला वेळ ठरवून द्या. रोज अर्धा तास, एकच वेळ, एकच जागा.

खरं सांगायचं तर मला हसू आलं. घरी सांगितलं तर माय म्हणाली, "काळजी काय घड्याळ बघून येती का रं?"

यामागचा विचार मला पटला, म्हणून टिकलो. ही पद्धत थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली. झोप न येणाऱ्यांना तेव्हा एक उपाय सांगत: अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवा, जागं पडून राहायचं नाही, म्हणजे अंथरुणाची आणि झोपेची जोडी पुन्हा जमते. तेच यांनी काळजीला लावलं. आपण काळजी कुठंही करतो, म्हणून प्रत्येक जागेला तिची सवय जडते. गल्ल्यावर बसलं की उधारी आठवते, गाडीला किक मारली की अपघात आठवतो. तिला सगळीकडून सोडवून एका खुर्चीला बांधायचं.

करायचं एवढंच: काळजी सुरू झाली हे ओळखायचं, ती ठरलेल्या वेळेवर ढकलायची, हातातल्या कामाकडे परत यायचं, आणि वेळ झाली की खरोखर बसून काळजी करायची. शेवटचं लोक गाळतात. मीही गाळलं होतं.

पहिली चूक वेळेची केली. दुकान बंद करून, जेवून, रात्री साडेनऊला पलंगावर बसायचो. अर्ध्या तासात डोकं असं तापायचं की बारापर्यंत डोळा लागत नसे. चार रात्री काढल्या आणि बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, झोपेच्या तोंडावर कधीच नाही, आणि पलंगावर, गल्ल्यावर तर नाहीच. जिथं तुम्ही एरवी बसत नाही अशी जागा बघा. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी, पत्र्याच्या आडोशाला एक प्लॅस्टिकची खुर्ची नेली. वेळ पाचची, तेव्हा पोरगा दुकानात येतो. मोबाईल खाली ठेवायचा, वर फक्त वही आणि गजराचं छोटं घड्याळ. साडेपाचला गजर झाला की विचार अर्धा असला तरी उठायचं, खाली येऊन चहा घ्यायचा, दुकानात जायचं.

दुसरी चूक वहीची. खिशात छोटी वही ठेवायची आणि काळजी आली की टिपायची, असं ठरलं होतं. मी गल्ल्यावर बसून पानंच्या पानं लिहायला लागलो. म्हणजे काळजी पाचवर ढकलली नाहीच, तिथंच करून टाकली, वर कागदही संपवला. आता दोन शब्द, फार तर तीन. "लॉट, उगवण." "मुलीची फी." "डावा हात." बस. पाच वाजता दोन शब्दांवरून सगळं आठवतं. आणि आठवलं नाही तर ते तेवढंच होतं.

तिसरी गोष्ट समजायला महिना गेला. ढकलणं म्हणजे दाबणं नव्हे. औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही, ही गोष्ट आपण ऐकलेलीच आहे; मग माकडच दिसतं. "हा विचार नको" म्हटलं की तो दुप्पट येतो. "हा पाच वाजता" म्हटलं की निदान वाद घालत नाही. मी चक्क मनात म्हणायचो, पाचला बघू. लगेच एखादं हाताचं काम धरायचो, साठा रजिस्टरची बेरीज म्हणा किंवा बाटल्यांवरच्या तारखा बघणं. पाच मिनिटांनी तीच काळजी परत यायची. परत पाचला. पहिल्या आठवड्यात दिवसाला चौदा-पंधरा नोंदी होत्या. मला वाटलं, आजार वाढला. तसं नव्हतं, आधी मोजतच नव्हतो.

आता एक दिवस नीट सांगतो, नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल. २ जुलै. सकाळी एक शेतकरी भाऊ आले, "मालक, निम्मं रान मोकळं दिसायलंय, बी उगवलंच नाही." ते गेले आणि माझी गाडी सुटली: तालुक्याला तक्रार, समितीची पाहणी, पंचनामा, परवाना निलंबित, गावभर नाव, सगळ्यांची उधारी बुडाली, मुलीचं शिक्षण थांबलं. एवढं सगळं दोन मिनिटांत, आणि समोर माणूस तणनाशक मागत उभा. वहीत लिहिलं, "लॉट, उगवण". दिवसभरात त्याच पानावर आणखी सहा नोंदी झाल्या.

पाचला वर बसलो. सात नोंदींपैकी तीन वाचूनच सोडल्या. पोराचा फोन लागत नव्हता, ही त्यातली एक, तो तर खाली दुकानात होता. उरलेल्या चारांना बाईंनी शिकवलेला प्रश्न विचारला: हे आत्ता घडलेलं आहे, की घडलं तर म्हणून आहे? उगवणीचं घडलेलं होतं. मग त्याची पुढची पायरी लिहायची, आणि ती उद्या हाताने करता येईल अशीच हवी. मी तीन लिहिल्या. एक, तो लॉट आणखी कोणाला गेला ते बिलबुकातून काढायचं. दोन, कंपनीच्या माणसाला फोन. तीन, त्याच लॉटची न फोडलेली पिशवी गोदामात होती, तिच्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. आपण शेतकऱ्याला हीच चाचणी सांगतो, स्वतःवर आली तेव्हा सुचली नव्हती.

सहाव्या दिवशी गोणपाट उघडलं, शंभरातले शहात्तर उगवलेले. सोयाबीनला सत्तर टक्के हे प्रमाण आहे, म्हणजे बी चांगलं होतं. त्याच लॉटच्या बाकी गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. रानात जाऊन उकरलं तर बी खोल पडलेलं, ट्रॅक्टरवाल्याने पेरणीयंत्र खाली धरलेलं आणि वरून जोराचा पाऊस होऊन जमीन आवळलेली. भाऊंना दुबार पेरणीचं अर्धं बी उधार दिलं, ते वेगळं. पण या सहा दिवसांत मी त्या विषयावर पाचच्या बाहेर फारसा गेलो नाही, कारण उत्तर गोणपाटात भिजत पडलंय हे मला माहीत होतं.

"डावा हात" ही नोंद वेगळ्या जातीची. माझे वडील हृदयाच्या झटक्याने गेले, म्हणून हात जड झाला की मला तेच दिसतं. याला उद्या करायची पायरी नाही. ईसीजी झालेला, डॉक्टरांनी बघितलेलं. अशा काळजीला उत्तर शोधायचं नाही, तिला पूर्ण वाट द्यायची. काय होईल, मग काय, मग काय, असं शेवटापर्यंत लिहायचं. पहिल्या दिवशी हात कापत होता. सातव्या-आठव्या दिवशी तेच वाक्य चौथ्यांदा लिहिताना मला चक्क कंटाळा आला आणि टाकीवरच्या कावळ्याकडे बघत बसलो. भीतीचा कंटाळा येऊ शकतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

कुठं चाललं नाही, तेही सांगतो. पहाटे तीनला जाग येते तेव्हा "पाचला बघू" म्हटलं तरी मन हो म्हणत नाही. तेव्हा उठून ओट्यावर बसतो, जांभया यायला लागल्या की परत आडवा होतो. एवढ्यावरच भागवतो. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, तेव्हा तर चार दिवस वही उघडलीच नाही. दुकानाच्या पायरीला पाणी लागलेलं असताना काळजी ढकलायची नसते, पोती उचलायची असतात. आणि मागच्या चुका उगाळत बसणं, "तेव्हा जमीन घ्यायला हवी होती" वगैरे, यावर मला या पद्धतीचा फारसा उपयोग झाला नाही. त्या खुर्चीत नेल्या की उलट मुरतात.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक अपवाद बजावला होता. जगणं नको वाटण्याचा विचार आला तर तो वहीत लिहून पाचची वाट बघायची नाही, त्याच क्षणी घरातल्या माणसाला सांगायचं किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरला फोन करायचा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. आमच्या भागात हा नंबर दुकानाच्या भिंतीवर लावायची गोष्ट आहे, मी लावलाय, दरपत्रकाच्या शेजारी.

घरच्यांचं म्हणाल तर बायकोला आधी राग आला होता, मी सांजेला गच्चीवर पळतो म्हणून. आता मी जेवताना उधारीचं काढलं की ती म्हणते, "अहो, पाच वाजून गेलेत, उद्याला ठेवा." मायसुद्धा परवा जिन्याखालून ओरडली, "वर चाललायस तर माझं एक लिही, पोरीला स्थळ."

सध्या दिवसाला चार-पाच नोंदी होतात, वेळही वीस मिनिटांवर आणली. एखाद्या दिवशी पान कोरं असतं. तेव्हा काळज्या शोधत बसत नाही, पण खुर्चीवर जाऊन दहा मिनिटं बसतो, कारण दिवाळीत सहा दिवस बंद ठेवलं तर सहाव्या दिवशी गल्ल्यावर पैसे मोजताना तीनदा आकडा चुकला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी परत वर गेलो. खुर्चीचा एक पाय उन्हाने तडकलाय, तार गुंडाळून चालवतोय.

आजच्या पानावर तीन नोंदी आहेत: हरभऱ्यावर घाटेअळी, ऑक्टोबरची वसुली राहिलेले अकरा जण, आणि डावा हात. अकरा जणांची नावं काढून ठेवलीत, उद्या सकाळी पहिल्या दोघांकडे जायचंय.