लाल आकडा, ठळक ओळ: रंग स्क्रिप्टने ओळखावा की डोळ्यांनी?

मेव्हण्याच्या छापखान्याचा तिमाही रोखप्रवाह तक्ता त्याचा अकाउंटंट छापील देतो, आणि मेव्हणा त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मला पाठवतो. तक्त्यात उणे चिन्ह कुठेच नाही. एक्सेलमध्ये `#,##0;[Red]#,##0` असा फॉरमॅट दिला की उणे रक्कम नुसती लाल दिसते, तसला प्रकार. बेरजांच्या ओळी ठळक. ओसीआर आकडे बरे उचलतो, पण रंग आणि ठळकपणा वाटेतच गळतो. ते दोन्ही `sign` आणि `row_type` अशा रकान्यांत आणायला मी दोन वाटा वापरून पाहिल्या.

पहिली वाट ओपनसीव्हीची. ओसीआरने दिलेल्या प्रत्येक शब्दाच्या चौकटीत किती पिक्सेल लाल आहेत ते मोजायचं. त्याच्या एचएसव्ही रंगपद्धतीत लाल रंग छटांच्या मोजपट्टीच्या दोन्ही टोकांना येतो, म्हणून दोन पट्टे लागतात:

```
m1 = cv2.inRange(hsv, (0,70,50), (10,255,255))
m2 = cv2.inRange(hsv, (170,70,50), (179,255,255))
red = m1 | m2
```

ठळकपणासाठी रेघांची जाडी अक्षराच्या उंचीशी ताडून पाहायची. टेसरॅक्टचं नवं इंजिन ठळक-साधं असं विश्वासाने सांगत नाही, त्यामुळे हे मोजमाप आपल्यालाच करावं लागतं.

दुसरी वाट साधी. आकडे ओसीआरचेच घ्यायचे, पण फोटो शेजारी उघडून चिन्ह आणि ओळीचा प्रकार हाताने भरायचा. चिन्ह १ किंवा -१. प्रकार चार: शीर्षक, तपशील, उपबेरीज, एकूण. मग प्रत्येक उपबेरजेचा ताळा.

स्क्रिप्ट मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. माझं मन उडालं ते एकाच गोष्टीमुळे. जेपेग फोटोत रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडापेक्षा विरळ साठवलेली असते, चार पिक्सेलमागे एक. जाड अक्षराचा लाल त्यात तगतो. साध्या, बारीक आकड्याचा लाल शेजारच्या कागदात मिसळून मातकट होतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी आवळतं, वर पिवळा दिवा. परिणाम असा की ठळक उपबेरजा लाल म्हणून बरोबर पकडल्या जातात आणि त्यांच्या वरचे साधे लाल आकडे गुपचूप अधिक होतात. वरवर पाहिलं तर तक्ता बरोबरच वाटतो. लाल ठरवायचा उंबरठा खाली आणला की कागदाची पिवळसर छटाच लाल ठरते.

एका तिमाहीत असं झालं: नफा ३,१२,४००, घसारा ५८,०००, येणी वाढल्यामुळे १,४७,६०० (हा लाल होता), देणी वाढल्यामुळे ३६,२००. ठळक उपबेरीज २,५९,०००. स्क्रिप्टच्या चिन्हांनी बेरीज आली ५,५४,२००. फरक २,९५,२००, त्याचं निम्मं १,४७,६००. चुकलेला आकडा स्वतःच समोर येऊन उभा राहिला! चिन्ह एकाच ओळीचं चुकलं असेल तर फरक नेहमी त्या रकमेच्या दुप्पट असतो. दोन चुकली तर ही युक्ती थेट चालत नाही, त्या दोघांची बेरीज किंवा वजाबाकी शोधत बसावी लागते. रक्कम बी, चिन्ह सी रकान्यात असेल तर ताळा एवढाच:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)-B6*C6
```

उत्तर शून्य यायला हवं. रुपयात पूर्णांक केलेल्या तक्त्यात एक-दोन रुपये इकडे तिकडे चालतात.

ठळक ओळींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शीर्षकही ठळक, बेरीजही ठळक. रक्कम रिकामी तर शीर्षक, एवढं स्क्रिप्टलाही कळतं. पण उपबेरीज तपशील म्हणून गेली तर ती पुढच्या बेरजेत दुसऱ्यांदा मोजली जाते. आणि फोटो हलला असेल तर सगळंच ठळक दिसतं.

एक गोष्ट मात्र कुठलीच स्क्रिप्ट पिक्सेलवरून सांगणार नाही: अंदाजपत्रकाशी तुलना करणाऱ्या तक्त्यात लाल म्हणजे उणे असेलच असं नाही. खर्च अंदाजाच्या वर गेला तर फरक अधिक असूनही काही जण तो लाल छापतात. म्हणून मी `is_red` हा रकाना वेगळा ठेवतो आणि `sign` मात्र छापील तक्त्यातल्या रकान्याचं शीर्षक वाचून भरतो.

तुमच्याकडे एकाच साच्यातली चाळीस पानं दर महिन्याला येत असतील, तीही नीट स्कॅन केलेली, तर स्क्रिप्टच घ्या. हाताने कंटाळून तुम्हीच चुका कराल. माझ्यासारखी पंचवीस-तीस ओळींची एखाददुसरी पानं असतील तर हाताने चहा संपेपर्यंत काम होतं, असा आपला माझा अनुभव. आणि स्क्रिप्ट वापरलीत तरी ताळा लावावाच लागतो, मग वाचलं काय?

मेव्हण्याला आता फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलंय, म्हणजे तो आवळला जात नाही. लाल पूर्वीपेक्षा लाल दिसतो. ताळ्याचा रकाना तरीही ठेवलाय.