फक्त कॉल पुढे ढकलायचा, की अंतिम तारीखही आत्ताच सांगायची?

वडोदऱ्यात मी पाकिटांचं डिझाइन करते, बहुतेक फरसाणाच्या आणि मसाल्यांच्या. काम लांबणार असं दिसलं की तीन रस्ते असतात. आज फक्त रिव्ह्यू कॉल पुढे ढकलायचा, कॉल आणि फायनल फाइल्सची तारीख दोन्ही एकदम सांगायच्या, किंवा काम तोडून निकडीचा भाग तरी ठरल्या दिवशी द्यायचा. तिन्ही मी करून पाहिलेत.

जुलैमधलं एक काम घेते. दांडिया बाजारातल्या एका काकांचा चिवडा, 200 ग्रॅम, 500 ग्रॅम आणि 1 किलो अशी तीन पाकिटं, गणपतीआधी दुकानात हवी. रिव्ह्यू कॉल गुरुवारी 10 ला, फाइल्स सोमवारी 21 ला. मंगळवारी 8 ला प्रिंटरकडून सुधारित केएलडी आली, म्हणजे पाकिटाच्या मापांचा आराखडा. पाकीट 10 मिलिमीटरनं अरुंद झालं होतं. समोरच्या बाजूला फारसा फरक पडत नव्हता, पण मागे पोषणमूल्यांचा तक्ता, एफएसएसएआय क्रमांक, बारकोड अशी दाटी. बारकोडच्या दोन्ही अंगांना सोडलेली मोकळी जागा खाल्ली तर स्कॅनर तो वाचत नाही. त्यामुळे तिन्ही पाकिटांची मागची बाजू नव्यानं मांडायची होती, आणि कॉल सोमवारी 14 च्या आधी शक्य नव्हता.

पहिला रस्ता मोहात पाडतो. ‘काका, कॉल सोमवारी करूया’ एवढंच सांगायचं, 21 चं नाव काढायचं नाही, मधले दिवस रात्री जागून भरून काढू असं मनाशी धरायचं. पण कॉलनंतरचे सगळे दिवस माझ्या हातात नसतात. काका पाकीट घरात आणि दुकानात दाखवून दुरुस्त्या सांगतात, त्याला दोन दिवस. त्या करायला मला चार, मग रंग वेगळे करून फाइल तपासायला तीन. रविवार सोडून मोजलं तर 14 नंतर 24 च येते. म्हणजे 21 जाणार हे मला 8 तारखेलाच कळलेलं असतं आणि काकांना ते 20 ला कळणार. तोवर त्यांनी प्रिंटरला शब्द दिलेला असतो. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, पारदर्शक फिल्मवर पांढऱ्याचासुद्धा. पुढे छपाई, लॅमिनेशन, चिकट थर वाळायला वेळ, मग पाकिटं बनवणं. सिलिंडरवाल्याकडचा नंबर हुकला की नुसते तीन दिवस जात नाहीत, पुढच्याचं काम आधी लागतं. एकदा माझ्यामुळे एका मसालेवाल्यांचं असं झालं होतं. मी त्यांना बारा दिवस आधी सांगू शकले असते, आणि ते मला अजून लागतं.

कॉल सरकला तरी शेवटची तारीख खरोखर सुटत नसेल, म्हणजे मधे मोकळे दिवस मुळातच ठेवलेले असतील, तरच हा रस्ता धरा. तेव्हाही ‘21 कायम आहे’ हे शब्दांत सांगा. नाहीतर समोरचा आपल्या मनानं काहीतरी धरून चालतो.

तिसरा रस्ता, काम तोडण्याचा, काकांना आवडला असता. मापागणिक सिलिंडरचा संच वेगळाच असतो, तेव्हा 200 ग्रॅमचं पाकीट आधी पाठवता येतं. मात्र समोरची बाजू पक्की झालेली हवी. इथे ती व्हायची होती. 500 ग्रॅम पाहताना काकांनी नावाचा आकार बदलायला सांगितला असता, तर कोरून झालेला सिलिंडर पुन्हा नव्यानं कोरावा लागला असता, त्यांच्या खर्चानं.

म्हणून मी दोन्ही तारखा एकदम सांगितल्या. आधी फोन केला, कारण अशी बातमी मेसेजमध्ये वाचली की माणूस दिवसभर घोर लावून घेतो. फोननंतर लगेच लेखी पाठवलं:

‘नमस्कार काका. आत्ता बोललो त्याप्रमाणे: रिव्ह्यू कॉल गुरुवार 10 ऐवजी सोमवार 14, सकाळी 11 वाजता. फायनल फाइल्स सोमवार 21 ऐवजी शनिवार 26. कारण: पाकिटाचं माप बदललं, तिन्हींची मागची बाजू परत मांडतेय. तुमच्या दुरुस्त्या बुधवार 16 संध्याकाळपर्यंत मिळाल्या तर 26 पक्की. रिव्ह्यूनंतरचा हप्ताही 14 नंतरच द्या.’

जुनी आणि नवी तारीख शेजारी ठेवली, म्हणजे काकांना तोच मेसेज प्रिंटरला जसाच्या तसा पाठवता येतो. हिशेबानं 24 येत असताना 26 सांगितली, कारण तारीख दुसऱ्यांदा सरकवण्यापेक्षा दोन दिवस हातचे ठेवलेले बरे. ‘दोन-चार दिवस’ असं मी लिहीत नाही, ऐकणारा त्यातले दोनच धरतो. आणि हप्त्याचं स्वतःहून लिहिलं, कारण कॉल सरकला की पैसे कधी द्यायचे हे विचारायला त्यांना अवघड वाटतं.

काका थोडे गप्प झाले, मग म्हणाले, ‘बरं झालं आज सांगितलंस. खोकेवाल्याला उद्या आगाऊ रक्कम देणार होतो, त्यालाही पाच दिवस थांबायला सांगतो.’ खोकेवाला माझ्या हिशेबात नव्हताच.