पक्षकारांना निरोप आणि खात्यांची सोपवणूक: एकच संदेश, वैयक्तिक पत्र की दोघांच्या सहीचे पत्र?

लातूर, उदगीर, जालना अशा बाजारपेठेच्या गावांत जीएसटी आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणारा कर सल्लागार जेव्हा आपले काम दुसऱ्याच्या हाती देऊन थांबायचे ठरवतो, तेव्हा पक्षकारांना ते कसे कळवावे हा प्रश्न त्याला सहसा शेवटच्या आठवड्यात पडतो. मग तो तीनपैकी एका मार्गाने जातो. एक म्हणजे सर्वांना व्हॉट्सॲपवर एकच संदेश, दुसरा म्हणजे प्रत्येकाला आपल्या सहीचे वैयक्तिक पत्र, आणि तिसरा म्हणजे नव्या सल्लागाराला सोबत घेऊन भेट आणि त्यानंतर दोघांच्या सहीचे पत्र. चौथाही एक प्रकार दिसतो. त्यात जुना सल्लागार गप्प राहतो आणि नवा माणूसच "आजपासून मी तुमचे काम पाहतो" असे कळवतो. तो येथे विचारात घेतलेला नाही, कारण आपल्याला न विचारता परक्याच्या गळ्यात बांधले अशी भावना त्यातून हमखास निर्माण होते.

या तिन्हींची तुलना सहसा आपुलकीच्या मापाने केली जाते, म्हणजे संदेश कोरडा वाटतो आणि भेट जिव्हाळ्याची वाटते. माझ्या मते निवडीचा निकष वेगळा असावा. निरोप वाचल्यानंतर पक्षकाराला स्वतः काय करावे लागणार आहे, आणि त्याच्या पोर्टलवरील नोंदीत कोणाचा मोबाइल क्रमांक आहे, या दोन गोष्टींवरून मार्ग ठरवावा.

दुसरा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा जुन्या व्हॅट क्रमांकांवरून नव्या नोंदणीवर जाण्याची घाई होती, आणि अनेक व्यापाऱ्यांच्या नोंदणीत सल्लागारांनी सोयीसाठी स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घातला. व्यापाऱ्यालाही ते बरे वाटले, कारण ऐन सौद्याच्या वेळी ओटीपी विचारणारा फोन येणे बंद झाले. परिणाम असा, की आज त्या व्यापाऱ्याची नोटीस, ओटीपी आणि विसरलेला पासवर्ड पुन्हा मिळवण्याची वाट हे सगळे सल्लागाराच्या खिशातील फोनमध्ये आहे. असा सल्लागार निघून जातो, तेव्हा नुसत्या निरोपाने खाते सोपवले जात नाही.

प्रथम सर्वांना एकच संदेश हा मार्ग पाहू. वेळेची बचत हा त्याचा खरा गुण आहे, आणि ज्या पक्षकाराचे वर्षातून एकदाच प्राप्तिकर विवरणपत्र भरायचे असते, ज्याचा मोबाइल त्याच्या स्वतःच्याच नावावर नोंदलेला असतो, त्याला एवढे पुरते. निवृत्त शिक्षक किंवा पगारदार मंडळींसाठी यापेक्षा जास्त काही करण्याची गरज नाही. मात्र दोन खोड्या लक्षात ठेवाव्यात. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरली, तर ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे त्यांनाच संदेश पोचतो. ज्यांचे फोन मुलगा किंवा मुनीम हाताळतो आणि ज्यांनी नुकताच फोन बदललेला आहे, ते नेमके सुटतात. हे टाळण्यासाठी काही जण पक्षकारांचा समूह तयार करतात, तो तर त्याहून मोठा दोष आहे. एकाच मोंढ्यातील दोन प्रतिस्पर्धी आडत्यांना एकमेकांचे क्रमांक आणि एकमेकांचा सल्लागार कोण, हे त्यातून उघड होते. आपण जपायची गोष्ट आपणच चव्हाट्यावर मांडल्यासारखे ते होते.

वैयक्तिक पत्राचा फायदा असा, की त्यात त्या एका खात्याची स्थिती लिहिता येते. कोणत्या महिन्यापर्यंतची विवरणपत्रे भरली, कोणती नोटीस उत्तराविना आहे, कोणते कागद परत दिले, डिजिटल सहीचे टोकन कोणाकडे आहे, हे सर्व सामुदायिक संदेशात येऊच शकत नाही. ही नोंद पुढे वाद झाला तर जुन्या सल्लागारालाही उपयोगी पडते. उणीव एवढीच, की पत्रावर फक्त जाणाऱ्याची सही असते आणि नवा माणूस पक्षकाराच्या लेखी नुसते नाव राहतो. ओटीपी कोणालाही सांगू नका असे बँकांपासून पोलिसांपर्यंत सर्वांनी व्यापाऱ्यांच्या मनावर बिंबवले आहे, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी अनोळखी क्रमांकावरून "साहेबांच्या जागी मी आलोय, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला, तर शहाणा व्यापारी तो फोन ठेवून देतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

दोघांच्या सहीचे पत्र नेमकी ही अडचण सोडवते. नवा सल्लागार कोणत्या क्रमांकावरून बोलेल, कोणत्या कामासाठी ओटीपी मागेल आणि पासवर्ड फोनवर कधीही विचारणार नाही, हे ज्याच्यावर पक्षकाराचा विश्वास आहे त्यानेच आधी लिहून दिलेले असते. हा मार्ग वेळखाऊ आहे, आणि औसा, निलंगा, अहमदपूर अशा वेगवेगळ्या गावांत पक्षकार विखुरलेले असतील तर सर्वांसाठी तो शक्यही नसतो. म्हणून तो मोजक्या खात्यांसाठी राखून ठेवावा.

उदाहरणादाखल उदगीर येथील एका डाळमिलचे खाते घेऊ. समजा, लातूरचा सल्लागार जानेवारीअखेर काम सोडतो आहे, मिलच्या नोंदणीवर मोबाइल त्याचाच आहे, आणि खरेदीवरील कराच्या वजावटीत तफावत असल्याची एएसएमटी-१० नोटीस नुकतीच आलेली आहे. या नोटिशीचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यायचे असते. ती पोर्टलवर View Additional Notices/Orders या ठिकाणी पडलेली असते, आणि रोजच्या कामात तिकडे कोणी पाहत नाही. येथे एकच सामुदायिक संदेश पाठवला, तर नवा सल्लागार फेब्रुवारीत पोर्टल उघडायला बसेल, जुना पासवर्ड चालणार नाही, नवा पासवर्ड मागावा तर ओटीपी जुन्याच्या फोनवर जाईल, आणि या धावपळीत नोटिशीची मुदत सरेल. वैयक्तिक पत्र पाठवले, तर नोटिशीचा उल्लेख त्यात येईल, पण मोबाइल बदलण्याचे काम तसेच राहील. म्हणून येथे भेटच हवी, आणि तीही जुना फोन चालू असताना.

त्या भेटीत पोर्टलवर Amendment of Registration Non-Core Fields येथे जाऊन अधिकृत सहीकर्त्याच्या नोंदीत मिलमालकाचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घालावा. पडताळणीचे ओटीपी त्याच वेळी येतात, म्हणून दोन्ही फोन समोर असलेले बरे. हेच काम नंतरवर टाकले आणि जुना क्रमांक बंद झाला, तर व्यापाऱ्याला आपल्या अधिकारक्षेत्राच्या जीएसटी कार्यालयात ओळखपत्रे आणि अर्ज घेऊन खेटे घालावे लागतात. जुना सल्लागार पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून जोडलेला असेल, तर Engage / Disengage GST Practitioner या ठिकाणी त्याला काढून नव्याला जोडण्याचे कामही पक्षकाराच्याच लॉगिनमधून करून घ्यावे. प्राप्तिकराच्या पोर्टलवरील संपर्क क्रमांकही त्याच बैठकीत पाहावा, मात्र तेथे आधारवर येणाऱ्या ओटीपीने पासवर्ड बदलता येतो, त्यामुळे अडचण तेवढी गंभीर नसते.

यानंतरचे पत्र असे असू शकते:

"सप्रेम नमस्कार. ३१ जानेवारीपासून मी कर सल्लागाराचे काम थांबवत आहे. आपल्या मिलचे डिसेंबर महिन्याचे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी मी भरले आहे. जानेवारी महिन्याच्या विक्रीचे विवरणपत्र, जे ११ फेब्रुवारीपर्यंत भरायचे आहे, तेथपासूनचे काम, आपली संमती असल्यास, सोबत सही करणारे सहकारी पाहतील. आपल्याला दुसरा सल्लागार नेमायचा असल्यास सर्व कागदपत्रे त्यांच्याकडे देण्याची व्यवस्था मी करीन. वजावटीच्या तफावतीबाबतच्या नोटिशीची प्रत आणि उत्तराचा मसुदा सहकाऱ्यांकडे दिला आहे. पोर्टलवर आता आपला स्वतःचा मोबाइल नोंदलेला आहे. सहकारी खाली दिलेल्या क्रमांकावरूनच आपल्याशी बोलतील आणि पासवर्ड फोनवर विचारणार नाहीत. इतकी वर्षे आपण विश्वासाने हिशेब माझ्याकडे दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे."

या मसुद्यातील महिन्याची भाषा मुद्दाम इतकी काटेकोर ठेवली आहे. "फेब्रुवारीपासून नवे साहेब काम पाहतील" असे लिहिले, की फेब्रुवारीत भरायचे विवरणपत्र की फेब्रुवारी महिन्याचे विवरणपत्र, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो, आणि जानेवारीचे विवरणपत्र दोघांच्या मधे पडते. सर्वसाधारणपणे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते, आणि कराची रक्कम थकली तर तिच्यावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळे. रक्कम मोठी नसली तरी नव्या माणसाच्या पहिल्याच महिन्यात ती लागली, तर दोष कायमचा त्याच्या नावावर जमा होतो. संमतीचे वाक्यही तसेच मुद्दाम आहे. खाते पक्षकाराचे असते, आपण ते कोणाला देऊन टाकू शकत नाही, आणि हे एका वाक्यात मान्य केले की बहुतेक व्यापारी आपण सुचवलेल्या माणसालाच काम देतात. नवा सल्लागार चार्टर्ड अकाउंटंट असेल आणि लेखापरीक्षणाचे काम घेणार असेल, तर १९४९ च्या कायद्यानुसार जुन्या लेखापरीक्षकाला आधी लेखी कळवणे त्याला बंधनकारक आहे, आणि निरोपाच्या पत्राने ते कर्तव्य पार पडत नाही.

थकलेल्या फीचा उल्लेख यापैकी कोणत्याही निरोपात करू नये. हिशेबाचे पत्र वेगळे, आधीच्या आठवड्यात पाठवावे, आणि त्यावर फक्त जुन्या सल्लागाराची सही असावी. नव्याने पहिल्या भेटीत जुन्याची वसुली करणे कोणालाच शोभत नाही.

वेळ निवडताना दोन दिनदर्शिका जुळवाव्या लागतात. कराच्या बाजूने महिन्याच्या २० तारखेनंतरचे आठ-दहा दिवस बरे असतात, कारण जीएसटीआर-३बी तोवर भरून झालेले असते. जुलै, सप्टेंबर आणि मार्च हे महिने टाळलेलेच चांगले. बाजाराच्या बाजूने मात्र जानेवारी-फेब्रुवारीत नवी तूर येते आणि ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीन, तेव्हा मिलमालक किंवा आडत्या सकाळच्या सौद्यांच्या वेळी पत्र हातात घेणारच नाही. त्याच्याकडे दुपारनंतर जावे. मुनीम हजर असेल अशीच वेळ धरावी, कारण पुढचे सर्व व्यवहार नव्या सल्लागाराला त्याच्याशीच करायचे असतात.

हाती आठवडाच उरला असेल, तर पक्षकारांच्या यादीवरून एकदा नजर फिरवून ज्यांच्या नोंदणीवर आपला मोबाइल आहे आणि ज्यांची नोटीस प्रलंबित आहे, अशांकडे आधी भेटीला जावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पण स्वतःचा क्रमांक नोंदलेल्या पक्षकारांना वैयक्तिक पत्र स्पीड पोस्टाने किंवा पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर स्वतंत्रपणे पाठवावे, आणि पोचल्याचे उत्तर मागून घ्यावे. उरलेल्यांना एक सामुदायिक संदेश पुरेसा आहे. भेटीला जाणे अगदीच जमले नाही, तर निदान आपला जुना क्रमांक पुढची दोन-तीन विवरणपत्रे भरून होईपर्यंत बंद करू नये, आणि त्यावर येणारे ओटीपी पक्षकाराने स्वतः फोन करून मागितल्यासच त्याला सांगावेत.