दाबलेला कवला: स्कॅनर की मोबाईल?

दाबून वाळवलेल्या रानफुलाचं चित्र ओळखण्यासाठी तज्ज्ञाला पाठवायचं, तर ते स्कॅनरवर काढावं की मोबाईलवर? उदाहरण कवल्याचं घेऊ. कवला म्हणजे स्मिथिया. सह्याद्रीत त्याच्या बऱ्याच जाती आहेत आणि लांबून बहुतेक सारख्याच पिवळ्या दिसतात. तज्ज्ञ पाकळ्यांआधी त्यांच्या खालचा हिरवा निदलपुंज बघतो: त्यावरच्या शिरा समांतर आहेत की जाळीदार, आणि त्यावर राठ केस आहेत का. स्मिथिया सेन्सिटिव्हाच्या शिरा समांतर असतात. फोटोत एवढं दिसलं तर निम्मं काम झालं.

दाबणं दोन्हीकडे सारखंच. याच्या पर्णिका तोडल्यावर मिटू लागतात, म्हणून फांदी जागेवरच वर्तमानपत्रात घालावी. एखादं पान उलटं ठेवावं, एक फूल उघडून पसरावं. पावसाळ्यात पहिले काही दिवस कागद रोज बदलला नाही तर बुरशी आलीच. नमुना गालाला लावून गार लागला, तर अजून ओल आहे.

मोबाईल सोपा, हे मान्य. खिडकीचा तिरपा उजेड असेल तर केसांची सावली पडते आणि ते उठून दिसतात, ही त्याची खरी जमेची बाजू. जाड शेंगा, कंद किंवा ए-फोरपेक्षा मोठा नमुना असेल तर मीही मोबाईलच काढतो.

पण मला एका गोष्टीचा कंटाळा आला. फोन फोटो आपल्या मनाने ‘सुधारतो’. बारीक केस पुसतो, शिरांच्या कडा गडद करतो. स्क्रीनवर चित्र छान दिसतं, मोठं केलं की निदलपुंज रंगाने सारवल्यासारखा. त्यावर तज्ज्ञाचं उत्तर ठरलेलं: ‘केस आहेत का, नक्की सांगा.’ तेच तर फोटोतून कळायला हवं होतं! सगळे फोन असं करत असतील असं नाही. माझ्या हाती आलेल्यांनी केलं.

स्कॅनरवर ६०० डीपीआयला एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २३६ बिंदू, आणि कडेपासून मधोमध सगळं सारखं. मात्र नमुना तावावर चिकटवण्याआधीच स्कॅन करा. चिकटवलेला ताव उपडा घालताना पानं गळतात. काचेवर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर नमुना, वर पांढरा कागद आणि स्पंजचा हलका दाब. अगदी सपाट, हलक्या स्कॅनरमध्ये काचेपासून जरा वर असलेला भाग लगेच धूसर होतो, त्यामुळे दाबण्यात कसर ठेवू नका. जुना, जाडजूड स्कॅनर मिळाला तर तोच बरा.

शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच. ताज्या फुलाचा रंग, ठिकाण आणि तारीख लिहून पाठवा. स्मिथिया पर्पुरियाचा जांभळा रंग वाळल्यावर ओळखू येईलच असं नाही. आणि फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर स्कॅनरने टिपलेल्या शिरा वाटेतच जातात.