नाटकाचा फलक, स्वस्त फोन आणि 1080 चा आकडा: आठ महिन्यांनंतरचं मत

फोटोचं चित्र करून देणाऱ्या आणि त्यासाठी वर्गणी घेणाऱ्या एका अॅपवाल्यांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय, आणि त्याच्या जागी वापरतो त्या स्नॅपसीड या फोटो-संपादनाच्या अॅपबद्दलचं मतही सांगतोय. फोन 4 जीबी रॅमचा, 50 मेगापिक्सेलची जाहिरात करणारा, सगळ्यांना माहीत असलेल्या स्वस्त मालिकेतला. त्याची तांत्रिक माहिती कुठेही मिळेल, ती पुन्हा देत नाही. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. घर डोंगराच्या पोटात आहे, त्यामुळे नेटवर्क अंगणातल्या एका कोपऱ्यात असतं आणि पावसात तेही नसतं.

गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकाचे फलक आणि आमंत्रणपत्रिका गेली काही वर्षं माझ्याच गळ्यात पडतात. घरात कोकणी बोलणारा माणूसही जत्रेच्या रात्री मराठी नाटकात उभा राहतो, हे गोव्याबाहेरच्यांना सांगावं लागतं, इथल्यांना नाही. नाटक पौराणिक असलं की कलाकारांची एकच मागणी: फोटो फोटोसारखा नको, जुन्या रंगीत चित्रासारखा हवा. दुर्योधनाच्या मुकुटाला झळाळी हवी, मागची पत्र्याची शेड दिसायला नको.

यासाठी पहिल्यांदा घेतलं ते ‘एका टिचकीत तैलचित्र’ करून देणारं अॅप. नाव घेत नाही. त्याचं काम कसं चालतं हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण आमचं नेट ते लगेच दाखवून देतं. फोटो आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो, तिथे रंगतो आणि परत येतो. आमच्याकडे संध्याकाळी जेमतेम 200 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 25 केबी मिळतात. 5 एमबीचा फोटो वर चढायलाच जवळजवळ साडेतीन मिनिटं लागतात. मध्ये नेट तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. आवडलं नाही म्हणून दुसरी शैली निवडली की पुन्हा तेच चक्र. डेटा संपतो तो वेगळाच. तरीही निकाल बघून मी वर्गणी भरली, कारण दुर्योधन खरोखर चित्रातला वाटत होता.

छपाईवाल्याने डिचोलीहून फोन केला. ‘भाऊ, हा फोटो फुटतोय. मोठा पाठवा.’ मोठा कुठून पाठवणार? फाइलची माहिती उघडली तर 1080 × 1440. मूळ फोटो 3060 × 4080 चा होता. तीन फूट रुंद फलकावर 1080 बिंदू पसरले की इंचाला 30 बिंदू येतात. मूळ आकार राहिला असता तर 85 आले असते. फ्लेक्स लांबून बघायचा असल्यामुळे तेवढ्यात चांगलं भागतं. अॅपवाल्यांच्या जाहिरातीत मात्र ‘एचडी निर्यात’ असं ठळक लिहिलेलं होतं. त्यांच्या हिशोबात 1080 म्हणजे एचडी. मदतकेंद्राला लिहिलं, तर ‘कृपया अॅप अद्ययावत करा’ हे उत्तर आलं. परत लिहिलं, परत तेच.

आता मी ज्या मुद्द्यावर अडून बसलो आहे, तो हा. स्वस्त फोनचा पडदा बहुधा 720 बिंदू रुंद असतो. त्यावर 1080 चा फोटो आणि 3060 चा फोटो सारखेच दिसतात, कारण दोन्ही पडद्यात बसवताना छोटे केले जातात. फोनवर बघून ‘छान जतन झालाय’ म्हणण्याला काही अर्थ नाही. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवा किंवा माहितीचं बटण दाबा, आणि लांबी-रुंदीचा आकडा वाचा. कोणतंही अॅप घेतलं की पहिल्या दिवशी एकच फोटो रंगवा, जतन करा आणि हा आकडा मूळ फोटोच्या आकड्याशी ताडून बघा. आकडा घसरला असेल तर त्याच्या शैली कितीही सुंदर असोत, छपाईच्या कामाला ते निरुपयोगी.

दुसरी चाचणी विमान मोडची. अॅप उतरवून घेतलं की विमान मोड लावा आणि एक शैली लावून बघा. चक्र फिरत राहिलं तर काम सर्व्हरवर होतंय. लगेच रंग बदलला तर काम फोनवरच होतंय. ‘हलकं अॅप’ म्हणजे किती एमबीचं, हे लोक विचारतात. आमच्यासारख्यांसाठी हलकं म्हणजे एकदा उतरवलं की नेट न मागणारं.

या दोन्ही चाचण्यांत टिकलं ते स्नॅपसीड. 2012 मध्ये गूगलने निक सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, तिच्यासोबत आलेलं हे अॅप. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पहिले काही आठवडे मला ते आवडलं नव्हतं, हेही सांगतो. ‘तैलचित्र’ असं एकही बटण त्यात नाही. त्यातली HDR Scape ही शैली लावली की चेहऱ्यावर काजळी चढल्यासारखं होई. वाटलं, हे फुकट आहे यात नवल नाही. मत बदललं ते दुर्योधनाचाच फोटो पुन्हा घेऊन बसलो तेव्हा. चित्राचा भास एका शैलीने होत नाही, दोन उलट गोष्टी एकत्र आल्या की होतो: सपाट भागातला बारीक पोत जायला हवा आणि कडा मात्र ठसठशीत राहायला हव्यात.

तो फोटो असा केला. आधी Details मध्ये Structure शून्याच्या खाली, साधारण उणे 40 पर्यंत नेलं. त्वचेची छिद्रं, मेकअपचे फराटे आणि कॅमेऱ्याचे कमी उजेडातले दाणे यात विरघळतात. मग HDR Scape मधली People ही जात घेतली, पण जोर अर्ध्यावर ठेवला. पूर्ण जोर ठेवला तर काळ्या दाढीभोवती पांढरट वलय येतं, आणि वलय दिसलं की जोर जास्त झाला हे ओळखावं. शेवटी Vintage मधून हलका पिवळसर रंग आणि कडेचा काळोख.

एवढ्यावर चेहरा चित्रासारखा झाला, पण डोळे आणि मुकुटही मऊ पडले. इथे स्नॅपसीडची खरी ताकद लपलेली आहे. वरच्या थरांच्या खुणेवर दाबून View edits उघडा. केलेली प्रत्येक पायरी तिथे यादीत दिसते. Details च्या पायरीवर दाबून ब्रश निवडा आणि जिथे ती पायरी हवी तिथेच बोटाने रंगवा. मी गाल, कपाळ, अंगरखा आणि मागची शेड रंगवली, डोळे आणि मुकुट सोडले. ब्रशचा जोर शंभरवरून पन्नासवरही आणता येतो, तो मी मानेवर वापरला म्हणजे जोड दिसत नाही. रंगवताना दोन बोटांनी फोटो मोठा करा, नाहीतर बोट जाड आणि डोळा बारीक. नंतर एखादी पायरी जास्त वाटली तर त्याच यादीत जाऊन तिचे आकडे बदलता येतात, बाकीच्या पायऱ्या तशाच राहतात. सर्व्हरवाल्या अॅपमध्ये एवढ्यासाठी मला पुन्हा अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहावं लागलं असतं.

हा सगळा क्रम Looks मध्ये साठवला की पुढच्या कलाकाराच्या फोटोवर एका दाबात लागतो. ब्रशचं काम मात्र दर फोटोला नव्याने करावं, कारण शकुनीचे डोळे दुर्योधनाच्या जागी नसतात.

जतन करण्याआधी सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी बघा: Image sizing ला Do not resize आणि दर्जाला JPG 95%. शंभर टक्के केल्याने फाइल बरीच फुगते, डोळ्याला फरक दिसत नाही. पीएनजीमध्ये काही गमावत नाही हे खरं, पण फोटोची पीएनजी कित्येक पट मोठी होते आणि ती छपाईवाल्याला पाठवायची आपल्या नेटवरूनच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एकदाच जतन करा. जतन केलेली जेपीजी पुन्हा उघडून रंगवली, पुन्हा जतन केली, की दर वेळी थोडा तपशील जातो. सगळं एका बैठकीत संपवावं आणि नवीन काही करायचं तर मूळ फोटोपासून सुरुवात करावी.

कॅमेऱ्याची 50 मेगापिक्सेलची सोय या कामाला वापरू नका. एरवी हा कॅमेरा चार शेजारचे बिंदू मिळवून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो आणि तो कमी उजेडात उलट स्वच्छ असतो. शिवाय फोटो संपादनासाठी उघडला की प्रत्येक बिंदूला मेमरीत चार बाइट लागतात. साडेबाराचा फोटो 50 एमबी घेतो, पन्नासचा 200 एमबी, आणि पायऱ्या लावताना अशा एकाहून जास्त प्रती लागतात. 4 जीबीच्या फोनला ते झेपत नाही. त्यात दोष अॅपचा नाही.

सगळ्यात मोठी डोकेदुखी अॅपची नाहीच, माणसांची आहे. शकुनीचं काम करणारे काका वास्कोला राहतात. त्यांनी फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला. व्हॉट्सॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करून दाबतं. 2023 पासून एचडीची सोय आहे, तिने आकार बराच राहतो, पण दाबणं होतंच. जेपीजी फोटोचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून दाबते. साध्या फोटोत ते दिसत नाहीत, पण HDR Scape किंवा Drama लावलं की जवळजवळच्या बिंदूंमधला फरक वाढतो आणि काकांच्या मागच्या भिंतीवर नसलेल्या फरश्या उमटतात. फोटो मोठा करून गडद, सपाट भाग बघा. तिथे चौकोन दिसले तर पुढे काहीही करू नका, मूळ फोटो मागवा. काकांना सांगितलं, ‘काका, पिनेच्या खुणेवर दाबा, Document निवडा, मग फोटो द्या.’ त्यांनी आधी आधार कार्ड पाठवलं, मग फोटो. Document म्हणून गेलेली फाइल जशीच्या तशी पोचते. छपाईवाल्यालाही मी तशीच पाठवतो. चार-पाच एमबीची फाइल असते, पहाटे नेट बरं असताना लावून ठेवतो.

माझी चार ताऱ्यांची पसंती स्नॅपसीडला. एक तारा कापला तो एवढ्यासाठी, की ब्रशची सोय दोन पडदे आत लपवली आहे आणि कुणी दाखवल्याशिवाय ती सापडत नाही. ज्यांना ब्रशस्ट्रोक दिसणारं, कॅनव्हासवर रंगवल्यासारखंच चित्र हवं आहे, त्यांचं समाधान याने होणार नाही. ते काम आजही मला फोनवर नेटशिवाय नीट जमवता आलेलं नाही.

आणि वर्गणीवाल्यांबद्दल: अॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून Payments & subscriptions मध्ये जा, तिथे Subscriptions मधून ती स्वतः रद्द करावी लागते. मी केली. भरलेले पैसे परत मागितले आहेत. काल पुन्हा उत्तर आलं, कृपया अॅप अद्ययावत करा.