जिम्प 3.0 मध्ये चार रंगांत चेहरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

तालमीच्या मैदानासाठी पोस्टर करायचं असतं तेव्हा मागणी साधारण एकच असते: वस्तादांचा फोटो, पण फोटोसारखा दिसायला नको, जुन्या स्क्रीन प्रिंटसारखे मोजके, सपाट रंग हवेत. हे काम जिम्पमध्ये कसं होतं, कुठे अडतं आणि 3.0 आवृत्तीने नेमकं काय बदललं, एवढंच इथे सांगायचं आहे. उदाहरण एकच धरलं आहे: सावळा, सत्तरीचा चेहरा, पांढऱ्या भरघोस मिशा, डोक्याला लाल फेटा, उजेड एका बाजूने दारातून येणारा. कोल्हापुरात असा चेहरा शोधायला लांब जावं लागत नाही. हमखास चुका दाखवायलाही हाच चेहरा उपयोगी, कारण तयार पद्धती नेमक्या इथेच हरतात.

पहिली चूक म्हणजे `Posterize`. मेनूत नावच तसं असल्यामुळे सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण ही आज्ञा लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनलांचे वेगवेगळे तुकडे पाडते. पातळ्या 4 ठेवल्या तरी रंग चार होत नाहीत, 64 पर्यंत जाऊ शकतात. गालावर मधेच हिरवट ठिपका, कानापाशी जांभळी कड, हे त्यातूनच येतं. फोटो आधी करडा करून घेतला तर रंग चारच राहतात, पण मग दुसरी अडचण उभी राहते. तुकड्यांच्या सीमा ठरलेल्या असतात: 0 ते 255 च्या पट्टीवर साधारण 42, 127 आणि 212. आपल्या फोटोत उजेडाकडचा गाल 176 च्या आसपास आहे आणि मिशा 205 च्या. दोन्ही आकडे 127 आणि 212 च्या मधलेच, म्हणून मिशी गालात विरघळते. वस्तादांची मिशीच गेली तर त्या पोस्टरला तालमीत कोण उभं करणार?

म्हणून सीमा हाताने ठरवायच्या, आणि त्यासाठी `Threshold` तीन वेळा लावायचं. `Threshold` दिलेल्या आकड्यापेक्षा गडद ते सगळं काळं करतं आणि उरलेलं पांढरं. तीन आकडे म्हणजे तीन काळे आकार, आणि खालचा कागद धरून चार रंग.

त्याआधी करडा फोटो नीट करावा लागतो, आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं काम फुकट जातं. साध्या `Desaturate` ने लाल फेटा आणि सावळा गाल जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात. `Mono Mixer` मध्ये प्रत्येक चॅनलचा वाटा आपण ठरवू शकतो. त्वचेसाठी लाल 0.6, हिरवा 0.4, निळा 0 हे प्रमाण चांगलं बसतं. लाल चॅनलमध्ये त्वचा उजळ आणि नितळ दिसते. निळ्यात डाग, खड्डे आणि कॅमेऱ्याचा दाणा उठून येतो, म्हणून त्याला बाहेर ठेवायचं. पण याच प्रमाणात लाल फेटा मात्र फटफटीत होतो आणि त्याच्या चुण्या जातात. फेट्यासाठी फोटोची दुसरी प्रत घेऊन फक्त हिरवा 1 ठेवायचा. लाल कापड हिरव्या चॅनलमध्ये गडद पडतं आणि चुणी न् चुणी दिसते. त्या प्रतीला मास्क लावून ती फेट्यापुरतीच दिसेल असं करायचं आणि `New from Visible` ने दोन्हींचा मिळून एक करडा थर बनवायचा. त्याला आपण आधार म्हणू.

डोळ्यातला चमकीचा ठिपका याच वेळी आधारावर पांढऱ्या ब्रशने थोडा मोठा करून घ्यावा. A3 कागद 300 डीपीआयला म्हणजे 3508 × 4961 पिक्सेल, आणि त्यात चेहरा जवळजवळ खऱ्या मापाचा येतो. तिथे 24 पिक्सेलचा, म्हणजे दोन मिलिमीटरचा ठिपका पुरतो. तो नसेल तर पुढच्या पायऱ्यांत चमक पुसली जाते आणि नजर मेल्यासारखी दिसते.

आता आधाराच्या तीन प्रती करायच्या आणि प्रत्येकीवर फिल्टर चढवायचे. 3.0 चा खरा फायदा इथे आहे. 2.10 मध्ये `Threshold` ला एकदा ओके केलं की आकडा कायमचा बसायचा, बदलायचा तर मागे जाऊन पुन्हा सगळं करायचं. 3.0 मध्ये `Merge filter` ही खूण न करता फिल्टर लावला की तो थरावर जिवंत राहतो. थराच्या शेजारी `fx` दिसतं, त्यावर क्लिक करून आकडा केव्हाही बदलता येतो. फाइल XCF मध्ये जपली की फिल्टरही जपले जातात. चेहऱ्याच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण तीन आकडे एकमेकांवर अवलंबून असतात. गडद रंग थोडा वाढवला की मधला कमी करावासा वाटतो, आणि ते सगळं एकत्र बघितल्याशिवाय कळत नाही.

प्रत्येक प्रतीवर चार फिल्टर, याच क्रमाने: `Gaussian Blur`, `Threshold`, पुन्हा `Gaussian Blur`, पुन्हा `Threshold`. पहिला ब्लर 6 पिक्सेल. तो सुरकुत्यांचा कचरा आणि दाणा घालवतो. पहिल्या थ्रेशोल्डला आपला निवडलेला आकडा. मग दुसरा ब्लर 8 पिक्सेल आणि शेवटचा थ्रेशोल्ड कायम 127. ही शेवटची जोडी नवख्यांना अनावश्यक वाटते, पण छापील रूप तीच देते. काळ्या-पांढऱ्याच्या कडा तिने गोलसर होतात, बारीक ठिपके गायब होतात आणि आकार कात्रीने कापल्यासारखा दिसतो. सर्वात गडद थराला मात्र दोन्ही ब्लर 3 च्या वर नेऊ नयेत. पापण्यांची रेघ आणि नाकपुडीचं टोक तिथेच असतं, ते गोल झालं की चेहरा सुजलेला वाटतो.

आकडे कसे ठरवायचे? आधारावर रंग उचलायचं हत्यार फिरवून पाच-सहा जागांची नोंद घ्यायची. आपल्या चेहऱ्यात कपाळाची चमक 215, मिशा 205, उजेडाचा गाल 176, सावलीचा गाल 92, डोळ्यांच्या खोबणी 58, आणि बुबुळं, नाकपुड्या, फेट्याच्या खोल चुण्या 50 च्या खाली. म्हणजे सीमा 190, 104 आणि 52. यातला 190 हा आकडा महत्त्वाचा. शिकवण्यांमधले बहुतेक नमुने गोऱ्या चेहऱ्याचे असतात, तिथे उजेडातली त्वचा म्हणजे कोरा कागद. सावळ्या चेहऱ्याला तेच केलं तर माणूस ओळखू येत नाही आणि मिशीही दिसत नाही. इथे त्वचेचा स्वतःचा रंग पहिल्या शाईत घ्यायचा. कागद फक्त मिशा, कपाळाची चमक आणि डोळ्यातला ठिपका यांच्यासाठी राखायचा.

रंग भरण्यासाठी प्रत्येक काळ्या-पांढऱ्या थराचा वेगळा ग्रुप करायचा. त्यात वर सपाट रंगाचा थर ठेवून त्याचा मोड `Screen` करायचा. काळ्याच्या जागी रंग येतो, पांढरं पांढरंच राहतं. मग अख्ख्या ग्रुपचा मोड `Darken only`, आणि सगळ्यात खाली कागदाचा रंग. वापरून टिकलेले रंग हे:

```
कागद    #F3E6CC
हळदी    #E0A84C   (सीमा 190)
विटकरी  #B5402A   (सीमा 104)
गडद     #1C1A26   (सीमा 52)
```

`Darken only` लाल, हिरवा, निळा तिन्हींचा लहान आकडा घेतो. म्हणून वरच्या थरातल्या रंगाचे तिन्ही आकडे खालच्या थरातल्या रंगापेक्षा लहान असावे लागतात. गडदसाठी `#1F2A44` हा सुंदर शाईनिळा निवडला तर त्यातला निळा 44 विटकरीच्या 2A पेक्षा मोठा पडतो आणि पडद्यावर निळ्याऐवजी `#1F2A2A`, म्हणजे काळपट हिरवा येतो. रंग आपण भरला त्यापेक्षा वेगळा दिसला तर आधी हेच तपासायचं. `Multiply` वापरलं तर हा मेळ कधीच बसत नाही, प्रत्येक थर खालच्यात मिसळतो.

आठ महिन्यांत खटकलेल्या गोष्टीही आहेत. आधाराच्या प्रती एकमेकींना जोडलेल्या नसतात. नंतर आधारावर मिशीचं एक टोक दुरुस्त केलं तर तिन्ही प्रती पुन्हा करायच्या, फिल्टर पुन्हा चढवायचे. म्हणून ब्रशचं सगळं काम प्रती करण्याआधीच संपवावं. दुसरं, A3 वर तीन थर आणि बारा फिल्टर म्हणजे 8 जीबी रॅमच्या मशीनवर प्रत्येक बदलाला थांबावं लागतं. आकडे ठरवेपर्यंत चित्र निम्म्या मापात ठेवून ब्लरही निम्मे घेतले तर काम हलकं होतं. पूर्ण मापाला जाताना ब्लर दुप्पट करायला विसरलं, तर पुसलेले ठिपके परत येतात.

फोटोचीही मर्यादा आहे. समोरून फ्लॅश मारलेल्या चेहऱ्यात सावलीला आकारच नसतो, तिथे कुठलाच आकडा चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फोटोत जेपीईजीचे 8 × 8 चे चौकोन असतात. मोठं केल्यावर थ्रेशोल्डची कड त्या चौकोनांवरून पायऱ्या पायऱ्यांनी जाते. जबड्याच्या रेषेत जिना दिसला की हेच समजावं आणि मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा.

नुसत्या स्टेटससाठी एक चित्र हवं असेल, तर एवढा खटाटोप नको. इंकस्केपचं `Trace Bitmap` दोन मिनिटांत काम भागवतं. पण खरी छपाई करायची असेल तर जिम्पची ही मांडणी सरळ स्क्रीनपर्यंत जाते. प्रत्येक ग्रुपमधला रंगाचा थर बंद केला आणि ग्रुपचा मोड `Normal` केला की खाली शुद्ध काळी फिल्म उरते. बाकीचे दोन ग्रुप बंद ठेवून ती PNG म्हणून काढायची, असं तीन वेळा. तिन्हींवर एकाच जागी रजिस्टर मार्क, म्हणजे रंग एकमेकांवर जुळवायच्या खुणा, हव्यात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, म्हणजे 6 पिक्सेलपेक्षा बारीक रेघ स्क्रीनवर धरेल याचा भरवसा नाही, म्हणून फेट्याच्या चुण्या फिल्म काढण्याआधी 100 टक्क्यांवर बघून घ्याव्यात.

छापताना हळदी आधी, मग विटकरी, शेवटी गडद. प्रत्येक गडद आकाराखाली आधीचा रंग पसरलेला असतो, त्यामुळे कागद थोडा सरकला तरी मधे पांढरी फट पडत नाही. आषाढात इथला कागद ओल धरून ताणतो आणि तीन रंगांच्या मधल्या वेळात माप बदलतं. त्या दिवसांत रिम आदल्या रात्री छपाईच्याच खोलीत उघडून ठेवावं आणि तिन्ही रंग एकाच दिवशी उरकावेत.