थोडीशी विस्कटलेली यादी: छोटा हीप की इन्सर्शन सॉर्ट?

सर्व्हरच्या लॉगमधल्या नोंदी दोन-तीन जागाच मागेपुढे झाल्यात, मग कशाने लावायच्या?

३, १, २, ६, ४, ५ घ्या. इथे प्रत्येक आकडा आपल्या योग्य जागेपासून फार तर २ जागा दूर आहे, म्हणून एक जास्त धरून ३ आकड्यांचा मिन-हीप, म्हणजे आतला सर्वात लहान आकडा आधी बाहेर देणारी रचना. त्यात ३, १, २ टाका, १ बाहेर येतो. ६ आत, २ बाहेर. ४ आत, ३ बाहेर. पुढच्या नोंदी यायच्या असतानाच निकाल मिळत जातो.

पण अंतराचा अंदाज चुकला, तर हीप गुपचूप चुकीचा क्रम देतो. आधीच्यापेक्षा लहान आकडा बाहेर पडला की समजावं. प्रत्येक आकडा मागे सरकवत जागी बसवणारा इन्सर्शन सॉर्ट अशा वेळी फक्त रेंगाळतो; शिवाय समान नोंदींचा मूळ क्रमही राखतो.

अंतर एक-दोनच आणि यादी मेमरीत असेल, तर इन्सर्शन. अंतर शेकड्यात, किंवा नोंदी येतच राहणार असतील, तर हीप.